कुंभाराची लेक आणि मातीची छाप: सिंधू नगरातली लघुकथा कशी रचायची

सिंधू संस्कृतीवर कथा लिहायला बसलं की बहुतेकांची लेखणी आधी मोहेंजोदडोच्या स्नानकुंडाकडे आणि सरळसोट रस्त्यांकडे वळते. कथा मात्र एवढ्या मोठ्या वस्तूंवर उभी राहत नाही. ती उभी राहते मालाच्या गाठीवर दाबून शिक्का मारलेल्या, लिंबाएवढ्या मातीच्या गोळ्यावर. कुंभाराची मुलगी बापाला मोहोरबंद मालाच्या व्यवहारात मदत करते, असा विषय असेल तर तो गोळा हाच कथेचा गाभा. त्याचं काम कसं चालतं, तो कुठे फसतो आणि फसला तर कोणाच्या लक्षात येतं, एवढं नीट समजलं की कथानक त्यातूनच निघतं. त्याच क्रमाने पुढे जाऊ.

आधी जागा पक्की करा: लोथल

सिंधूची शेकडो स्थळं माहीत असली तरी या कथेसाठी लोथलइतकी सोयीची जागा नाही. अहमदाबाद जिल्ह्यातल्या सरगवाला गावाजवळचं हे टेकाड पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी 1954 साली शोधलं आणि 1955 ते 1960 या काळात तिथे उत्खनन झालं. नदीकाठचं, खंभातच्या आखाताशी जोडलेलं हे छोटं नगर. तिथे कच्च्या विटांच्या उंच जोत्यावर बांधलेलं एक कोठार सापडलं. जोत्यावर सुमारे 3.6 मीटर लांब-रुंद असे 64 चौथरे होते आणि दोन चौथऱ्यांमध्ये जेमतेम 1.2 मीटरची बोळ. आज त्यातले 12 चौथरे दिसतात.

याच बोळांमधल्या राखेत मातीच्या 65 च्या आसपास छापा मिळाल्या. इथे दोन शब्द वेगळे ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मुद्रा म्हणजे दगडी शिक्का, आणि छाप म्हणजे तो शिक्का ज्यावर दाबला तो मातीचा गोळा. मुद्रा माणसाजवळ राहते, छाप मालावर बसते. माल उघडला की छाप फुटते आणि तुकडे फेकून दिले जातात. कच्ची माती पाण्यात विरघळून जाते, म्हणून छापा सहसा उरत नाहीत. लोथलच्या कोठाराला आग लागली, त्या आगीत छापा भाजून निघाल्या आणि टिकल्या.

या छापांची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जास्त बोलकी आहे. पुढे प्राण्याची आकृती आणि चिन्हं असतात. मागे असतो तो ज्यावर माती दाबली त्याचा ठसा: पिळाची दोरी, कापडाची वीण, चटई, बांबू, बोरू. काही छापांवर एकाहून जास्त मुद्रा उमटलेल्या आहेत, म्हणजे एकाच गाठीला एकाहून जास्त जणांनी साक्ष दिली असावी. लेखकाने मागची बाजू धरावी. पुढची बाजू सगळे बघतात. मागची बाजू छाप फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि या अडचणीतच कथा दडलेली आहे.

काही लिहिणाऱ्यांच्या मनात दायमाबाद येईल. प्रवरेच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्यात, उत्तर हडप्पा काळाची वस्ती मिळाली आहे, आणि आपल्या मातीतली म्हणून ती जवळची वाटते. पण तो काळ नगरं विस्कटल्यानंतरचा आहे. तिथे असं कोठार नाही आणि समुद्रापारचा व्यापारही नाही. तिथली कथा वेगळी होईल, आणि तिला वेगळं कथानक लागेल.

मग ऋतू ठरवा

काळ इ.स.पू. 2300 च्या आसपास धरा. साल कथेत येणारच नाही, ते फक्त तुमच्या डोक्यात असू द्या. ऋतू मात्र आलाच पाहिजे, कारण कुंभार आणि नावाडी दोघेही पावसाचे बांधील.

पावसाळ्यात माती वाळत नाही आणि सरपण ओलं असतं, त्यामुळे भट्टी लावता येत नाही. पावसाळ्यातच समुद्र खवळलेला असतो, म्हणून नावा किनाऱ्याला. पाऊस सरून वारा ईशान्येकडून वाहू लागला की दोन्ही कामं एकदम सुरू होतात. खरिपाचे तीळही त्याच सुमाराला निघतात, आणि हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळालेले असल्याने तिळाचं तेल कथेत निर्धास्त वापरता येतं. म्हणजे पाऊस संपल्यानंतरच्या महिन्या-दीड महिन्यात नवी मडकी, नवं तेल आणि सुटायला टेकलेली नाव एका जागी येतात. कथा तीन दिवसांत बसवायची असेल तर हेच तीन दिवस.

महिन्याचं नाव घालू नका. कार्तिक, मार्गशीर्ष म्हटलं की वाचक वेगळ्याच जगात जातो. धुकं, उतरलेलं पाणी, काठावर सुकून पापुद्रे धरलेला गाळ एवढं लिहिलं तरी महिना कळतो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी फार मोठी, भावनगरजवळ पाण्याच्या पातळीतला फरक 10 मीटरच्या आसपास जातो. नाव भरतीलाच हलते. हे कथेतलं घड्याळ समजा. पुढची भरती यायच्या आत गोष्ट निकाली निघायला हवी.

बापाचा धंदा नेमका काय, ते लिहून काढा

इथे बहुतेक मसुदे ढिले पडतात. ‘बाप मोहोरबंद माल विकायचा’ या एका वाक्यावर कथा चालत नाही. कोणाचा माल, कोणाचं मडकं, कोणाची मुद्रा, तोटा झाला तर कोणाचा, हे चार प्रश्न कागदावर सोडवा.

कुंभाराला स्वतःची मुद्रा देऊ नका. मुद्रा शंखजिऱ्याची, साधारण अडीच-तीन सेंटिमीटर चौरस, मागे दोरी ओवायला भोक असलेला उंचवटा, आणि कोरल्यावर भाजून पांढरी केलेली अशी कसबी वस्तू होती. ती कोणाकोणाकडे असे, याचं उत्तर देणारा मजकूर आपल्याकडे नाही, कारण लिपी अजून वाचता आलेली नाही. कथेच्या दृष्टीनेही मुद्रा दुसऱ्याच्या हातात असणं चांगलं. त्यामुळे बाप परावलंबी होतो, आणि त्याची लेक ज्या मातीत तरबेज आहे तीच माती त्या मुद्रेखाली येते.

असं ठरवू: तेलवाला तेल देतो, कुंभार आठ रांजण देतो. दोघांचा वाटा आहे. कोठारवाला आपली मुद्रा मारून माल ताब्यात घेतो आणि नावेवर चढवतो. मडकं पाझरलं तर तोटा कुंभाराचा, छाप फुटली तर कोठारवाल्याचा. या एका अटीवर सगळी ओढाताण उभी राहते, म्हणून ती पहिल्याच पानात, बोलण्याच्या ओघात वाचकाला कळू द्या.

पैसे कुठेच येता कामा नयेत, नाणी नव्हती. वजनं होती. चर्ट दगडाचे गुळगुळीत ठोकळे, सर्वांत लहान सुमारे 0.86 ग्रॅमचा आणि पुढे दुप्पट-दुप्पट. जास्त आढळणारा ठोकळा 13.7 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक तोळ्याहून थोडा जड. पोरीला दुपटीने मोजायची सवय दाखवा: एक, दोन, चार, आठ. आठ रांजण निवडण्याचं कारण हेच.

रांजण स्वतः बनवल्यासारखा ओळखा

एका रांजणात 12 लिटर तेल धरलं तर तेलाचं वजन सुमारे 11 किलो. रिकामा रांजण 5 किलोचा. म्हणजे भरलेला 16 किलो, आणि कावडीच्या दोन टोकांना दोन रांजण लावले की हमालाच्या खांद्यावर 32 किलो. हे आकडे कथेत लिहायचे नाहीत. पण ते माहीत असले की हमाल किती पावलांवर थांबेल आणि पोर एकटी रांजण उचलू शकेल का, हे आपोआप बरोबर येतं. दहा-अकरा वर्षांची मुलगी तो उचलणार नाही, बुडावर फिरवत सरकवेल.

साध्या भाजलेल्या मडक्यातून तेल पाझरतं. त्यावर उपाय लेपाचा: माती पाण्यात कालवून जड कण खाली बसू द्यायचे आणि वर तरंगणारी बारीक माती काढून आतून-बाहेरून लावायची. भाजताना हे बारीक कण एकमेकांना घट्ट धरतात आणि भोकं बुजतात. ओमानच्या किनाऱ्यावर रास अल-जिंझ इथे सिंधू प्रदेशातून आलेल्या, काळा लेप दिलेल्या मोठ्या रांजणांची खापरं सापडली आहेत, आणि काहींवर सिंधू चिन्हं ओरखडलेली आहेत. म्हणजे असे रांजण समुद्रापार जात होते, यात शंका नाही.

लेप चुकतो तो दोन ठिकाणी. तो जाड लागला तर वाळताना सुटून पापुद्रे पडतात. आणि बुडाच्या आत, जिथे हात पोचायला त्रास होतो, तिथे पातळ राहतो. मुलीचा हात लहान, म्हणून आतल्या बुडाचा लेप तिच्याकडे द्या. मग पुढे जेव्हा कोणी म्हणेल ‘रांजण पाझरतो’, तेव्हा तो आरोप बापावर नसेल, तिच्या हातावर असेल.

पाझर ओळखायची रीत साधी आहे. निमुळत्या बुडाचा रांजण राखेच्या थरात रोवून उभा करायचा. तेल झिरपलं तर राख काळी पडून गोळे धरते. कोरडी राख बोटातून भुरभुर गळते. ही राख आधीच्या प्रसंगात सहज दाखवून ठेवा, नंतर ती कामी येणार आहे.

एक सावधगिरी. आज आपल्याकडचे कुंभार मातीत लीद मिसळतात म्हणून लेखकही बिनदिक्कत घोड्याची लीद लिहून जातात. या नगरात घोडा आणू नका. वाळू, अभ्रकाची चमक असलेली माती, भुसा, शेण एवढं पुरे.

छाप स्वतः करून बघा

हा टप्पा टाळू नका. घरी अर्ध्या तासाचं काम आहे, आणि यातून मिळणारा तपशील कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

अंगाच्या साबणाची तीन सेंटिमीटरची चौकोनी वडी कापा. शंखजिरं नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ असतं, त्यामुळे साबणावर कोरण्याचा अनुभव त्याच्या बराच जवळ जातो. टोकदार खिळ्याने एखादा प्राणी आणि दोन-तीन रेघा कोरा. लगेच कळेल की मातीवर सगळं उलटं उमटतं. मुद्रा कोरणारा आरशातली आकृती डोक्यात धरून कोरत असणार.

मूर्तीची शाडूची माती तीन भाग आणि बारीक चाळलेली वाळू एक भाग घ्या. पाणी घालून मळा. तळहाताला चिकटत नाही आणि चिमटीत दाबल्यावर कडेला भेगाही पडत नाहीत, तिथे थांबा. आता एका बरणीच्या तोंडावर झाकण, झाकणावर सुती फडकं, आणि गळ्याभोवती सुतळीचे दोन वेढे देऊन गाठ मारा. लिंबाएवढा गोळा घेऊन गाठीवर असा दाबा की गाठ मधोमध बंद होईल आणि मातीचा पातळ थर गाठीच्या मागूनही फिरेल. मग मुद्रा सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला.

पहिल्या प्रयत्नात बहुधा फसेल. माती ओली असेल तर साबणाला चिकटून प्राण्याचं तोंडच निघून येईल. मुद्रेवर राखेचा हलका हात फिरवला की ती सुटते. मुद्रा तिरकी उचलली तर एक कड दुहेरी उमटते. फडक्याला तेल लागलेलं असेल तर माती धरतच नाही. म्हणून तेलाच्या रांजणाची छाप तोंडावर न बसवता गळ्याच्या गाठीवर बसवायची. आणि माती वाळताना आकसते, आतली दोरी आकसत नाही, त्यामुळे गोळा गाठीवर पातळ राहिला तर दोरीच्या रेषेवरच चीर जाते.

रात्रभर ठेवून सकाळी बघा. वरून रंग उतरलेला असेल, पण नख दाबलं तर आत अजून दमट. पूर्ण वाळायला सावलीत दोनेक दिवस लागतात. मग ती छाप फोडा आणि मागची बाजू उन्हात तिरकी धरा. सुतळीचा प्रत्येक पीळ दिसेल. इथे एक फसवी जागा आहे: दोरीचा पीळ ज्या बाजूला झुकतो, त्याच्या विरुद्ध बाजूला ठशातला पीळ झुकलेला दिसतो. मुलगी ठसा बघून दोरी ओळखणार असेल तर तिला ही उलटापालट अंगवळणी असली पाहिजे.

या कृतीतून कथानक असं निघतं

आता एक चोरी करायची आहे, आणि ती मातीच्या नियमांनी करायची आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आठ रांजणांवर छापा लागतात. त्या रात्री छापेची माती अर्धवट वाळलेली आहे. चोराला हीच वेळ. तो गळ्याभोवतीची दोरी कापून नवी बांधू शकतो, पण नवी गाठ उघडी दिसेल. म्हणून ती जुन्या छापेखालीच लपवावी लागेल. तो पात्याने छापेचा मागचा थर खरवडतो, पुढचा मुद्रेचा भाग अलगद अखंड काढतो, जुनी गाठ कापतो, तांब्याभर तेल दोनदा उपसतो, नवी दोरी बांधतो आणि काठावरचा ओला गाळ लावून मुद्रेचा भाग परत बसवतो. समोरून छाप जशीच्या तशी.

कुठे चुकतो? तीन जागी. पुढचा भाग आधीच वाळून आकसलेला आहे, मागचा गाळ नंतर आकसेल, त्यामुळे दुसऱ्या दिवशी छापेच्या कडेने केसाएवढी चीर फिरते. कोठाराची माती चाळलेली होती, गाळात अभ्रक आणि काड्या आहेत. आणि पुढच्या भागाच्या आत जुन्या दोरीची खाच तशीच आहे, जी नव्या दोरीशी जुळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हमाल कावड उचलतो आणि ती एका बाजूला कलते. दोन लिटर तेल गेलं म्हणजे जवळजवळ दोन किलो. एवढा फरक खांद्याला लगेच कळतो. छाप शाबूत आहे, तेव्हा कोठारवाला सरळ म्हणतो की रांजण पाझरला. भरती चढते आहे. बापाचा वाटा बुडणार.

मुलीला चीर दिसते. पण पुरावा छापेच्या आत आहे, आणि छाप फोडायची मुभा कुंभाराच्या पोरीला नाही. फोडून आत काहीच निघालं नाही तर फुटलेल्या छापेचा दोषही बापावर येणार. या क्षणापर्यंत वाचकाला आणून थांबवा. कथेचा कस इथे लागतो.

एक चुकलेला परिच्छेद आणि त्याची दुरुस्ती

पहिल्या मसुद्यात असं काहीतरी येतं:

‘मेलुहाच्या बंदरात घोड्यांच्या टापा वाजत होत्या. राजाचा अधिकारी राजमुद्रा घेऊन आला. सिंधुजाने गरम बाजरीची भाकरी बाबांच्या हातात दिली आणि म्हणाली, “बाबा, आपली संस्कृती किती महान आहे!”’

मेलुहा हे नाव मेसोपोटेमियाच्या लेखांत येतं. अक्कडचा राजा सारगोन मेलुहाच्या नावा आपल्या धक्क्याला लागल्याचं सांगतो. इथली माणसं स्वतःला काय म्हणत, ते त्यातून कळत नाही. ‘लोथल’ हेही आजचं गुजराती नाव. नगराला नावच देऊ नका, माणसं आपल्या गावाला ‘गाव’ म्हणतात. राजाचा पुरावा नाही, घोडा नाही. ज्वारी-बाजरी आफ्रिकेतून इकडे आली ती या काळानंतर, तेव्हा भाकरी हवीच असेल तर सातूची किंवा गव्हाची जाड पोळी करा. मिरची, टोमॅटो, बटाटा तर सोडाच. ‘सिंधुजा’ हे नाव संस्कृतचं आहे. तिथली भाषा आपल्याला वाचता येत नसताना असं नाव खोटी खात्री देतं. त्यापेक्षा अर्थाचं टोपणनाव बरं, जणू तिच्या भाषेतून मराठीत आणलेलं. इथे तिला ठिकरी म्हणू. फुटक्या मडक्यांच्या ढिगाशेजारी वाढलेली पोर.

शब्दांच्या बाबतीत मात्र फार सोवळं पाळू नका. ‘माल’ किंवा ‘हिशोब’ फारसी-अरबीतून आले म्हणून ते गाळले तर संवाद लाकडी होतो. सगळी कथाच मराठीत चालली आहे, हे वाचकाला मान्य असतं. ‘तोळा’, ‘मैल’, ‘रुपया’ हे शब्द मात्र खुपतात, कारण ते मापं आणि पैसा घेऊन येतात.

आता तोच प्रसंग, छाप फोडण्याच्या क्षणी:

‘“पाझरतो तुझा रांजण,” कोठारवाला म्हणाला. “छाप बघ. धक्का नाही लागलेला.”

बा काही बोलला नाही. ठिकरी उकिडवी बसली आणि रांजण उभा होता त्या जागेची राख तिने चिमटीत घेतली. ती बोटांतून भुरभुर गळून गेली.

“काका, तेल कुठे गेलं मग? राख तर कोरडी आहे.”

“पोरीला आवर.”

“ठिकरे,” बा म्हणाला, पण त्याची नजर राखेवर होती.

तिने छापेच्या कडेने नख फिरवलं. नख एका जागी अडकलं आणि मग कडेकडेने सरकत गेलं, जसं पोळीच्या पापुद्र्याखाली सरकतं. एकदाच लावलेली माती अशी सुटत नसे. “ही माती दोनदा लावली आहे,” ती म्हणाली.

“फोडून बघायची म्हणतेस?” कोठारवाल्याने मुद्रा मुठीत घट्ट धरली. “आणि आत काही नसलं तर? आठही रांजण माझे.”

ओढ्यात पाणी चढल्याचा आवाज येत होता. नावाड्याने दोनदा हाक दिली. बा वाकला, त्याने पायाजवळचा गोटा उचलला आणि तो ठिकरीच्या हातात दिला.

एकाच टोल्यात छाप दुभंगली. पुढचा तुकडा फिकट आणि कोरडा होता. मागचा काळपट, आणि त्यात चमचमणारे कण. कोठारवाल्याने तो हातात घेतला, बोटाने चुरडला. काठावरचा गाळ त्यालाही ओळखू येत होता. ठिकरीने फिकट तुकडा उलटा केला. आत तीन पदरी दोरीची खाच होती. रांजणाच्या गळ्यात दोन पदरी दोरी होती.’

यात मुलगी हुशार आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. तिचं नख आणि राख घेणारी चिमूट तेवढी दिसते. बाप गोटा उचलून देतो ही त्याची कबुली आहे. तो ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ म्हणाला असता तर प्रसंग तिथेच मेला असता. हाक मारण्याची रीतही बघा: बापाला ‘बा’ आणि एकेरी, कोठारवाल्याला ‘काका’, आणि बाप रागावला की ‘ठिकरे’. दरबारी ‘आपण’ आलं की हे अंगण नाहीसं होतं.

लांबी, आणि कुठे थांबायचं

एवढ्या ऐवजाला 1800 ते 2200 शब्द पुरतात. बुडाचा लेप आणि छापा लागणं हा पहिला भाग, त्यात राख आणि तीन पदरी दोरी दाखवून ठेवायची. दोरी तिनेच वळलेली असेल तर आणखी चांगलं. रात्रीची चोरी दाखवूच नका, वाचकाला ती मुलीबरोबर सकाळी कळू द्या. मग कावड, आरोप आणि छाप फोडणं. चोर कोण, याचा शोध लांबवायचा नाही. एखाद्या हमालाच्या नखांत काठावरचा गाळ दिसला आणि कोठारवाल्याने त्याच्याकडे बघितलं, एवढं पुरतं.

शेवटी एक मोह आवरावा लागतो. फुटलेली छाप कोठाराच्या बोळात पडते, आग लागते आणि चार हजार वर्षांनी कोणी संशोधक ती उचलतो, हा शेवट जवळजवळ प्रत्येकाला सुचतो. त्यात ठिकरीचा प्रश्न सुटत नाही, फक्त कॅमेरा दूर जातो. तिच्यापुढे अजून काम आहे. भरती टिकायला थोडाच वेळ उरला आहे, आठव्या रांजणाला नवी दोरी आणि नवी छाप लागायची आहे, आणि कोठारवाल्याची चाळलेली माती संपली आहे. तो या वेळी माती मागतो ती कुंभाराच्या पोरीकडे. ती मळते, तळहाताला चिकटत नाही तिथे थांबते आणि गोळा पुढे करते. ओल्या मातीवर मुद्रा लगेच दाबायची नसते, म्हणून ती त्याचा हात धरून क्षणभर थांबवते. कथा तिथे थांबवता येईल, मुद्रा अजून वरच असताना.

मसुदा झाला की तो एकदा फक्त हातांसाठी वाचा. प्रत्येक परिच्छेदात कोणाचा तरी हात कशाला तरी लागतोय का ते बघा, आणि लागत असेल तर ती वस्तू ओली आहे की कोरडी हे तुम्हाला ठाऊक आहे का, तेही तपासा. जिथे उत्तर येत नाही तिथला परिच्छेद बरणी, सुतळी आणि शाडू घेऊन पुन्हा लिहा.